दोन शेजारी, एक खड्डा: कथेतला समेट खोटा का वाटतो

प्रश्न: आमच्या गणेशोत्सवाच्या अंकासाठी मुंबईतल्या दोन शेजाऱ्यांची कथा लिहितोय. कचऱ्याच्या ढिगावरून दोघं भांडतात आणि शेवटी एकच कंपोस्टचा खड्डा वापरायला लागतात. शेवटी एका समाजसेविकेचं भाषण घातलंय, ते ऐकून दोघं बदलतात. पण ज्यांनी ज्यांनी वाचलं त्यांना शेवट पटत नाही. तुम्ही इतकी वर्षं सोसायट्यांमध्ये कंपोस्टचं काम करताय. खरं कसं घडेल?

उत्तर:

भाषण काढून टाका. मुंबईत भाषण ऐकून खड्डा केलेले लोक मी पाहिलेत. त्यातले बहुतेक खड्डे पहिल्या पावसात बंद पडले. जे टिकले त्यांच्यामागे गरज होती. एकाकडे जे नको होतं, तेच नेमकं दुसऱ्याला हवं होतं. तुमची कथा इथेच बांधायला हवी. कंपोस्टला दोन प्रकारचा माल लागतो, ओला आणि सुका. एका शेजाऱ्याकडे फक्त ओला आणि दुसऱ्याकडे फक्त सुका माल द्या. मग समेट घडवायला तिसऱ्या माणसाची गरज उरत नाही.

आधी जागा ठरवू. टॉवरमध्ये ही कथा होणार नाही, तिथे भांडण सेक्रेटरीच्या टेबलावर जातं. मी कांदिवलीचं चारकोप निवडेन. ऐंशीच्या दशकात म्हाडाने जागतिक बँकेच्या योजनेतून तिथे छोटे प्लॉट पाडले. मधे मोकळा चौक आणि चौकाभोवती पस्तीसेक घरं, अशी रचना अजून बऱ्याच ठिकाणी दिसते. घरांवर मजले चढले, पण चौक सगळ्यांचा आहे, भिंतीला भिंत आहे आणि दार उघडलं की समोर शेजारी आहे. भांडायला आणि पुढे खड्डा करायला एवढी जागा पुरते.

आता माणसं. तावडे वहिनींचा डब्यांचा धंदा आहे. रोज चाळीसेक डबे जातात. पहाटे पाचपासून भाजी चिरणं सुरू होतं. वाटाण्याची सालं, फ्लॉवरचे दांडे आणि पाला, बटाट्याची सालं, कोथिंबिरीची देठं असा रोज पाच-सहा किलो ओला कचरा निघतो. शेजारी शिर्के, बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या दारात देशी बदामाचं झाड आहे. या झाडाची पानं साधारण वर्षातून दोनदा गळतात. मोठी गळ हिवाळा संपता संपता होते, तेव्हा लालभडक पानांचा रोज सडा पडतो. शिर्के सकाळी सहाला झाडू घेतात, पानं गोळा करतात आणि काडी लावतात. पाला जाळायला मनाई आहे हे त्यांना ठाऊक आहे, म्हणूनच सहाची वेळ.

म्हणजे वहिनींच्या स्वयंपाकघरात धूर आणि शिर्क्यांच्या ओटीवर वास. दोघांची तक्रार खरी आहे हे लक्षात घ्या. तुमच्या मसुद्यात एक जण घाणेरडा आणि दुसरा स्वच्छ असेल, तर तिथेच कथा पडली.

ढीग का साचतो याचं कारणही खरं द्या. कचरा टाकणारा माणूस आळशी असतो असं लेखक गृहीत धरतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा घड्याळ आडवं येतं. पालिकेची गाडी साडेआठला येऊन जाते. वहिनींची चिराचिरी आणि भांडी आटपायला दहा वाजतात. मग पिशवीची गाठ मारून ती गटाराच्या कडेला, दोन घरांच्या मधल्या कोपऱ्यात दुसऱ्या दिवशीपर्यंत पडून राहते. भाजीत ऐंशी टक्क्यांच्या वर पाणी असतं. बंद पिशवीत हवा नसते. हवा नसली की तिथे वेगळेच जिवाणू कामाला लागतात, आंबवतात, आणि कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो तो त्यांचाच. त्यात रात्री घुशी पिशवी फाडतात, सकाळी कावळे ती पसरतात. साडेआठला गाडी येते तेव्हा निम्मा माल रस्त्यावर असतो आणि गाडीवाला म्हणतो, "पिशवी उचलेन, सांडलेलं नाही." तो ढीग होतो.

शिर्क्यांना वासाचा इतका राग का, यालाही चारकोपमध्ये कारण सापडतं. जवळच गोराईचं डम्पिंग ग्राउंड होतं. ते २००७ मध्ये बंद झालं. त्याआधी वारा फिरला की काय वास यायचा, ते जुन्या रहिवाशांना अजून आठवतं. शिर्क्यांच्या तोंडी एकच वाक्य द्या: "वीस वर्षं डम्पिंगचा वास खाल्ला वहिनी, आता तुमचा खायचा?" एवढं पुरे.

आणि महापालिकेची नोटीस आणू नका. घनकचरा नियमांप्रमाणे ओला-सुका वेगळा करणं सगळ्यांनाच बंधनकारक आहे, पण जागेवरच खत करण्याचा मुंबईतला आग्रह मोठ्या संकुलांसाठी आणि दिवसाला शंभर किलोच्या वर कचरा काढणाऱ्यांसाठी आहे. पस्तीस घरांच्या चौकाला ती सक्ती लागू होत नाही. नोटीस आली म्हणून खड्डा खणला असं लिहिलंत, तर जाणता वाचक तिथेच थांबेल.

आता कलाटणी. माझ्या मते ती रागातून यावी. होळीच्या आधीची एक सकाळ. वहिनींनी धुरावरून आदल्या दिवशी चौकात तमाशा केलाय, पोलिसांना फोन करण्याची धमकी दिलीय. शिर्के त्या दिवशी पानं जाळत नाहीत. तीन टोपल्या पानं उचलतात आणि वहिनींच्या ढिगावर ओततात.

"घ्या. तुमचा कचरा, माझा कचरा, एकाच जागी. आता बोलवा पोलिसांना."

हे सूडाने केलंय. पण सुकी, वळलेली पानं ओल्या कचऱ्यावर पडली की काय होतं ते पाहा. पानं सुटलेलं पाणी शोषतात. पानांच्या वळ्यांमध्ये हवा राहते, त्यामुळे हवेत जगणारे जिवाणू वाढतात आणि आंबवणारे मागे पडतात. वरचा थर झाकला गेल्याने माश्यांना अंडी घालायला ओला पृष्ठभाग मिळत नाही. दोन-तीन दिवसांत वास निम्म्याच्या खाली येतो. हे मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय, त्यात जादू काही नाही. जिवाणूंना एक भाग नत्रामागे साधारण पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो. भाजीच्या कचऱ्यात कर्ब त्याहून कमी असतो, वाळलेल्या पानांत खूप जास्त. दोन्ही एकत्र आले की हिशेब जुळतो. एकटा भाजीचा ढीग सडतो, एकटा पानांचा ढीग वर्षभर तसाच पडून राहतो.

कथेत यातलं काहीही कोणी समजावून सांगायचं नाही. वहिनींच्या नजरेतून दाखवा. चौथ्या दिवशी त्या पिशवी टाकायला जातात आणि त्यांच्या लक्षात येतं की नाकाला पदर लावलेला नाही. काठीने पानं बाजूला करतात. खाली फ्लॉवरचे दांडे मऊ, तपकिरी झालेत, हाताला कोमट लागतंय. त्या काही बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी शिर्क्यांनी झाडून ठेवलेल्या पानांची एक टोपली गायब होते.

इथे दुसरं भांडण, आणि हे पहिल्यापेक्षा मजेशीर आहे.

"वहिनी, माझी पानं कोणी नेली?"

"जाळणार होता ना? मग गेली तर काय बिघडलं?"

"जाळीन नाहीतर डोक्यावर घेईन. माझ्या झाडाची आहेत."

"मग कचरापण तुमच्याच दारात ठेवते. तोही घ्या."

कालपर्यंत नकोशी असलेली वस्तू आज मालकीची झाली. दोघांनाही ते कळतं, पण कबूल कोणी करत नाही. खड्ड्याचा प्रस्ताव यातूनच येऊ द्या, आणि तो सौद्यासारखा येऊ द्या. शिर्के म्हणतील, पानं देतो, पण ढीग कोपऱ्यात नको, बांधून घ्या. वहिनी म्हणतील, बांधते, पण विटा तुमच्या. वर्षभरापूर्वी मोरी दुरुस्त केली तेव्हाच्या विटा शिर्क्यांच्या जिन्याखाली आहेतच.

बांधकाम नीट दाखवा, कारण लेखक इथे हमखास चुकतात. मुंबईत, त्यातही चारकोपसारख्या खाडीकाठच्या सखल भागात, जमिनीत खड्डा खणायचा नसतो. जुलैत जमिनीतलं पाणी वर येतं, खड्ड्याची विहीर होते आणि सगळा माल पाण्याखाली कुजतो. आपण खड्डा म्हणतो, पण तो जमिनीच्या वर विटांचा हौद असतो. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच, असे दोन कप्पे, मधे एक सामाईक भिंत. विटा एकमेकींना चिकटवून लावायच्या नाहीत. दोन विटांत दोन-तीन बोटं फट ठेवत जाळीसारखी भिंत उभी करायची, तिथून हवा जाते. बाहेरून अर्ध्या इंचाची वेल्ड मेश लावायची. कोंबडीची जाळी घूस कुरतडते. खाली सिमेंटचा कोबा करायचा नाही, विटांचा रोडा आणि नारळाच्या शेंड्या पसरायच्या, म्हणजे पाणी निथळतं. वर जाळीचं झाकण, आणि पावसाळ्यासाठी उतरता पत्रा.

तीन फूटच का? त्याहून लहान ढिगात तयार झालेली उष्णता लगेच निसटून जाते. घनफुटाचा हिशेब कथेत नको, पण दोघांनी मिळून करण्याला यात भक्कम कारण आहे. चार माणसांच्या घराचा ओला कचरा दिवसाला जेमतेम किलोभर. तेवढ्यावर एवढा हौद तापत नाही. खत होतं, पण रडतखडत.

रोजचं काम साधं आहे. एक बादली ओला कचरा, दोन इंचांपेक्षा मोठे तुकडे चिरून. त्यावर दीड ते दोन बादल्या चुरलेली पानं. सगळ्यात वर नेहमी तीन-चार बोटं पानांचा थर, भाजीचं एक सालही उघडं दिसता कामा नये. सुरुवातीला विरजण म्हणून थोडं शेण किंवा आंबट ताक. आठवड्यातून एकदा फावड्याने किंवा पंजाने खालीवर करायचं. ओल बरोबर आहे का ते हाताने कळतं: आतला मूठभर माल घट्ट पिळला तर बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसावेत. धार लागली तर पानं कमी पडताहेत, हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडायचं. मुंग्या झाल्या की समजावं माल कोरडा आहे.

आता कथेचा मधला भाग, जो तुमच्या मसुद्यात अजिबात नसणार. तिसऱ्या आठवड्यात खड्डा नासतो. जवळजवळ प्रत्येक नवा खड्डा एकदा नासतो, त्यामुळे हे ओढूनताणून आणल्यासारखं वाटणार नाही. आणि नासण्यात दोघांचाही हात असू द्या.

शिर्के बदामाची पानं न चुरता अख्खीच टाकताहेत. हे पान मोठं आणि जाड, चामड्यासारखं. ओलं झालं की सपाट होतं, एकावर एक चिकटतं आणि मधे थाळ्या रचल्यासारखा थर बसतो. त्यातून ना हवा जाते ना पाणी. वहिनींनी उरलेला भात आणि आमटी ओतलीय. एका बाईने दहा डबे अचानक रद्द केले, अन्न टाकायचं कुठे? भाताचा गोळा बसतो, तो आंबतो, आमटीतल्या तेला-मिठाने काम आणखी मंदावतं. वर बंद थर, खाली आंबलेला भात. एका सकाळी चौकात वास सुटतो आणि पत्र्याखालून मळकट पांढऱ्या, लांबट अळ्या बाहेर यायला लागतात.

त्या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट भात फस्त करतात. पण चौकातल्या पस्तीस घरांना हे कोण सांगणार? सगळे खड्ड्याविरुद्ध उभे राहतात आणि वहिनी-शिर्के पहिल्यांदा एका बाजूला येतात. एकमेकांवर प्रेम आहे म्हणून नाही, शिर्क्यांच्या विटा, वहिनींची मेहनत आणि दोघांची अब्रू अडकलीय म्हणून.

इथे एक जाणतं माणूस आणायचं असेल तर आणा, पण भाषण करणारं नको. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक बायकांना खत करण्याचं प्रशिक्षण दिलं, त्यांना परिसर भगिनी म्हणतात. अशी एखादी बाई शेजारच्या संकुलात कामाला येत असेल. ती हौदाजवळ उभी राहते, वास घेते, पंजा मागते. दोनच वाक्यं बोलते.

"पानं पोत्यात घालून पायानं तुडवा, मग टाका. आणि भात घालायचा तर मूठभर, पसरून, पानांच्या खाली."

पुढचं दोघांनी करायचं. सगळा माल ताडपत्रीवर काढायचा, पानांचे चिकटलेले थर फोडायचे, चुरलेली सुकी पानं मिसळायची आणि पुन्हा भरायचा. दोन-तीन दिवस नवा कचरा बंद. हे काम एकट्याने होत नाही, एक ताडपत्री धरतो, दुसरा उपसतो. दीड तास जातो. तुमच्या कथेतला सगळ्यात मोठा प्रसंग हाच असू द्या. त्यात ते काय बोलतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सुचेल. माझ्या अनुभवात अशा वेळी लोक कचऱ्याबद्दल बोलत नाहीत. एकीकडे माल उपसत गावच्या घराचं छप्पर, जावयाची नोकरी, कोणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन असं काहीतरी निघतं. तेल-मसाल्याचा वास येणारं काहीही ओतायचं नाही असं शिर्के चार वेळा बजावतात, आणि चौथ्यांदा वहिनी म्हणतात, "भावजी, तिकीट एकदाच फाडतात."

हौद पुन्हा भरल्यावर चार-पाच दिवसांनी वास गेलेला असतो आणि आत उष्णता आलेली असते. ती ओळखायची जुनी रीत म्हणजे लोखंडी सळी. ढिगाच्या मध्यात खुपसून दहा मिनिटं ठेवायची आणि बाहेर काढून हात लावायचा. चांगल्या ढिगाचं आतलं तापमान पंचावन्न-साठ अंशांपर्यंत जातं, सळी धरवत नाही. पण एक सांभाळा: हौद गुडघ्याएवढा भरेपर्यंत अशी उष्णता येत नाही. पहिल्याच दिवशी वाफ निघाली असं लिहू नका.

मे महिन्यात पहिला कप्पा भरतो. रोजचा माल बसत जातो, आज काठोकाठ भरलेला हौद आठवड्याने वीतभर खाली गेलेला दिसतो, त्यामुळे भरायला दीड-दोन महिने लागतात. मग तो बंद करून दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिला पिकतो.

आणि पावसाळा. कंपोस्टवर लिहिणारा माणूस मुंबईतला आहे की नाही, हे पावसाळ्याच्या परिच्छेदात कळतं. जून ते सप्टेंबर कोरडं पान मिळत नाही आणि नेमकी तेव्हाच पानांची गरज वाढते, कारण हवेतही ओल असते. म्हणून पानं फेब्रुवारी ते मे या काळात साठवावी लागतात. वहिनींच्या कचऱ्याला दोन बादल्या पानं धरली, तर गच्च भरलेली एक गोण दोन-तीन दिवस पुरते. चार महिन्यांना चाळीस-पन्नास गोणी. एका बदामाच्या झाडाचं हे काम नाही.

मग मार्चमध्ये रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षांखाली शिर्के गोण घेऊन उभे दिसतात. झाडूवाल्यांशी त्यांची ओळख वाढते, कारण पर्जन्यवृक्षाचं पान बारीक असतं आणि चुरावं लागत नाही. गोण्या कुठल्या? वहिनींच्या. डब्यांच्या धंद्यात तांदळाच्या रिकाम्या गोण्यांना तोटा नसतो. प्लास्टिकच्या विणीच्या असल्याने त्या बाहेरून आलेली ओल थोडीफार अडवतात. त्या ठेवायच्या कुठे यावर तिसरं भांडण करा. जिन्याखाली सुका पाला रचला की एखादी विडी पुरते पेट घ्यायला, ही वहिनींची भीती खरी आहे. शिर्के विडी ओढत असतील तर आणखी बरं.

जुलैच्या मध्यात गोण्या संपत आल्या की भुशाचा पर्याय येतो. कांदिवलीत औद्योगिक वसाहत आहे, सुतारकामाचे गाळे आहेत. भुसा फुकट मिळतो, पण तो साध्या लाकडाचा हवा. प्लायवूडच्या आणि एमडीएफच्या भुशात गोंद असतो, तो खतात नको. शिवाय नुसता भुसा बसतो आणि हवा अडवतो, म्हणून उरलेल्या पानांत मिसळून वापरायचा. जाळण्यासाठी पहाटे उठणारा माणूस गाळ्या-गाळ्यांत जाऊन "हा प्लायचा की सागाचा?" विचारतोय, एवढं दाखवलंत की तो बदलला हे वेगळं लिहावं लागत नाही.

पहिला कप्पा जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये उघडा. खत पिकलं हे कसं ओळखायचं? रंग गडद, हाताला गार, आणि फ्लॉवर कुठला, बटाटा कुठला ते ओळखू येत नाही. एखादी बदामाची शीर, आंब्याची कोय, नारळाची शेंडी तशीच राहते, ती चाळून पुढच्या कप्प्यात टाकायची. वास ओल्या मातीचा येतो. खात्री करायची असेल तर एका डब्यात थोडं खत मातीत मिसळून मेथी पेरा. तीन-चार दिवसांत नीट उगवली तर खत तयार आहे, उगवलीच नाही किंवा कोंब पिवळे पडले तर अजून पिकू द्या. कच्चं खत मुळांना त्रास देतं.

आणि खत किती निघतं याबद्दल फसू नका. ओल्या कचऱ्याच्या वजनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढं धरा. दीड-दोन महिन्यांचा तीनशे किलो कचरा गेला असेल, तर हाती पन्नास-साठ किलो येईल. ढीगभर खतावर हात ठेवून दोघं उभे, असं चित्र लिहू नका. तीन-चार गोण्या असतात, आणि त्यांच्या वाटणीवरून चौथं भांडण होतं. शिर्के म्हणतात निम्मं झाडाला. वहिनी म्हणतात तुमच्या झाडाला खताची काय गरज, ते गटाराच्या पाण्यावर वाढलंय, माझा कढीपत्ता बघा कसा झालाय. चौकातले लोक, जे एप्रिलमध्ये अळ्या बघून ओरडत होते, ते आता कुंडीसाठी डबा घेऊन रांगेत उभे असतात. हे शंभर टक्के होतं.

तुमचा अंक गणेशोत्सवाचा आहे, म्हणून शेवटासाठी एक सुचवतो. गणपतीला दोघंही कोकणात जाणार. खड्डा कोण सांभाळणार या काळजीने एक पानभर संवाद लिहिण्याचा मोह तुम्हाला होईल. लिहा, पण त्याचं उत्तर खरं द्या: कोणीही नाही. नवा कचरा येत नसेल तर खड्ड्याला दहा-बारा दिवस काहीही लागत नाही. निघायच्या आदल्या दिवशी खालीवर करायचं, वर वीतभर पानं पसरायची, पत्र्यावर दोन विटा ठेवायच्या. त्या विटा वाऱ्यासाठी.

जागा कमी असेल तर पावसाळ्याचा भाग दोन परिच्छेदांत उरका आणि खत उघडण्याचा प्रसंग गाळून टाका. तिसऱ्या आठवड्यातला नासलेला खड्डा मात्र कापू नका. आणि पात्रांना शेवटी एकमेकांची माफी मागायला लावू नका. वहिनींनी शिर्क्यांकडे एक डबा पाठवावा, त्यात भात कमी असावा, आणि शिर्क्यांनी डबा परत पाठवताना त्यात भुशाच्या गाळ्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी घालावी.